घरातला कॅमेरा: चित्र कुठल्या वाटेनं येतं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कार्यक्रमात सभागृहात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना निसटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरून घेतल्या आहेत.)



सचिवांनी मला ‘घराची सुरक्षा’ हा विषय दिला होता. एवढा मोठा विषय मला काही पेलणार नाही. मी बरीच वर्षं एका ऑफिसात नेटवर्कचं काम करते, त्यामुळे एकाच वस्तूबद्दल बोलते. आपण हॉलमध्ये किंवा दाराशी लावतो आणि मोबाईलवर बघतो, तो छोटा वायफाय कॅमेरा. गेटवरचे आणि लिफ्टजवळचे कॅमेरे संस्थेचे आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग ऑफिसात होतं. ते प्रकरण वेगळं.

आधी आमच्या घरात काय झालं ते सांगते. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच सांगते आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, दिवसभर घरी एकट्या असतात. दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूमबाहेर घसरल्या. त्यानंतर आम्ही हॉलमध्ये कॅमेरा बसवला. एका दिवाळीच्या आधी मी बँकेतून बारा हजार रुपये आणून पाकिटात घातले आणि कपाटावर ठेवले. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तर पाकीट नाही. आमचे हे तेव्हा कामासाठी नागपूरला होते. त्यांनी तिथूनच मोबाईलवर अ‍ॅप उघडलं. दोन क्लिपा मिळाल्या. ११ वाजून ४२ मिनिटांच्या क्लिपमध्ये आमच्या कामाच्या ताई कपाटासमोर फडकं घेऊन उभ्या. ११ वाजून ४७ मिनिटांच्या क्लिपमध्ये त्या पिशवी घेऊन दाराबाहेर पडताना. मधलं काहीच नाही. ह्यांचा फोन आला, “अगं, आता अजून काय पुरावा पाहिजे?”

ताई तेव्हा समोरच्या विंगमध्ये काम करत होत्या. मी खाली जाऊन विचारलं, “ताई, कपाटावरचं पाकीट बघितलंत का?” शब्द साधेच होते. पण माझा सूर त्यांना कळला. त्या नुसत्या “नाही हो” म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

पुढचं शेवटी सांगते. कारण ते समजायला आधी एक गोष्ट माहीत हवी, आणि आजचं सगळं बोलणं त्याच गोष्टीवर आहे. कॅमेऱ्याचं चित्र तुमच्या मोबाईलपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी येतं.

आपल्या घरातला इंटरकॉम आठवा. वॉचमन गेटवरून फोन करतो, पाहुणे आलेत म्हणतो. तो फोन इमारतीच्या बाहेर जातच नाही. बाहेरच्या सगळ्या टेलिफोन लाइनी बंद पडल्या तरी इंटरकॉम चालतो. पण तुम्ही दादरला असाल तर तुमच्या घरी वाजलेला इंटरकॉम तिथून घेता येत नाही. मोबाईलचं उलट. तो कुठूनही लागतो, पण मधे कंपनीचं सगळं यंत्र चालू असावं लागतं.

कॅमेऱ्याचं अगदी तसंच आहे. कॅमेरा आणि मोबाईल दोन्ही घरातल्या एकाच राऊटरला जोडलेले असतील, तर चित्र कॅमेऱ्यातून राऊटरकडे आणि राऊटरकडून मोबाईलकडे येऊ शकतं. ते घराबाहेर जात नाही आणि इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. ही लोकल वाट. तुम्ही बाहेर असाल तर कॅमेरा आधी कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरशी बोलतो. ही क्लाउडची वाट. यातही गंमत आहे. तो सर्व्हर लग्नातल्या मध्यस्थासारखा असतो. जमलं तर दोघांची ओळख करून देतो आणि बाजूला होतो, मग चित्र सरळ कॅमेऱ्याकडून मोबाईलकडे येतं. नाही जमलं तर प्रत्येक निरोप त्याच्याच हातून जातो. तेव्हा चित्र अडखळतं, गोल चक्र फिरत बसतं.

अडचण अशी, की अ‍ॅपमध्ये दोन्हीसाठी एकच बटण असतं. तुम्ही कॅमेऱ्याच्या नावावर बोट ठेवता, चित्र दिसतं, आणि ते कुठल्या वाटेनं आलं हे बहुतेक अ‍ॅप सांगत नाहीत.

आता कॅमेरा बसवण्याकडे येते. डब्यातल्या कागदावर पायऱ्या दिलेल्या असतात, त्या सगळ्या मी सांगत बसत नाही. आपल्या इमारतीत मला जिथे जिथे बोलावलं गेलं, तिथे जे अडलं तेवढंच सांगते.

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते वायफायच्या नावावर. आजकालचे राऊटर दोन प्रकारचं वायफाय देतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. बरेचसे घरगुती कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. मोबाईल मात्र ५ वर असतो, कारण ते वेगवान. मग अ‍ॅप तेच नाव आणि पासवर्ड कॅमेऱ्याला देतं आणि कॅमेऱ्याला ते वायफाय सापडतच नाही. “पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही” अशी तक्रार असेल तर पहिला संशय याचा घ्या. दोन नावं वेगळी दिसत असतील, तर शेवटी 5G लिहिलेलं नाव सोडून दुसरं निवडा. दोन्हींचं नाव एकच असेल, तर राऊटरच्या सेटिंगमध्ये जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा, नंतर पुन्हा चालू करा. मोबाईल ५ वर आणि कॅमेरा २.४ वर असला तरी राऊटर एकच असल्यामुळे लोकल वाट चालते.

त्यानंतर क्यूआर कोडचा प्रकार. काही कॅमेऱ्यांत मोबाईलच्या पडद्यावर एक क्यूआर कोड येतो आणि तो कॅमेऱ्याला दाखवायचा असतो. त्या कोडमध्ये तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड असतो, आणि कॅमेरा तो डोळ्यानं वाचतो. मोबाईल भिंगाला चिकटवू नका. वीतभर अंतरावर धरा, पडद्याचा उजेड वाढवा आणि हळूहळू पुढेमागे करा. आवाज आला की वाचलं. आणि हो, त्या कोडचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर “हे काय आहे?” असं विचारू नका. तो तुमच्या वायफायचा पासवर्डच असतो.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना एकामागून एक प्रश्न येतात आणि आपण वैतागून नाही म्हणतो. आयफोनवर त्यातला एक प्रश्न असतो, घरातल्या नेटवर्कवरची यंत्रं शोधू का? त्याला नाही म्हटलं की लोकल वाट बंद. चित्र मात्र क्लाउडवरून येतच राहतं, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातही येत नाही. नंतर दुरुस्त करायचं असेल तर Settings मध्ये Privacy & Security, त्यात Local Network, आणि तिथे त्या अ‍ॅपपुढचं बटण चालू करायचं. राऊटरवर पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क असेल आणि कॅमेरा त्यावर जोडलेला असेल, तरीही साधारण हाच परिणाम होतो. मोबाईल एका खोलीत, कॅमेरा दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद.

चौथी गोष्ट रेकॉर्डिंगची. इथेच आमची चूक झाली होती. चित्र बघणं वेगळं आणि चित्र साठवणं वेगळं. साठवण्याच्याही जागा दोन. एक, कॅमेऱ्यात घातलेलं मेमरी कार्ड. दुसरी, कंपनीचा क्लाउड. आमच्या कॅमेऱ्याबरोबर क्लाउडची फुकट योजना होती. हालचाल झाली की बारा सेकंदांची क्लिप, आणि एक क्लिप झाली की पुढची पाच मिनिटं नवीन क्लिप नाही. हे योजनेच्या माहितीत लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. नेटवर्कमधली बाई, पण वाचलं नव्हतं! ज्या योजनेचे पैसे भरतात तिच्यात क्लिपा लांब असतात, पण तीसुद्धा विकत घेण्याआधी वाचा. क्लिप किती सेकंदांची, दोन क्लिपांत किती अंतर, आणि किती दिवस राहते. या तीन गोष्टी बघा.

कार्ड मात्र मी घातलं होतं, ६४ जीबीचं, आणि ‘सतत’ रेकॉर्डिंगवर ठेवलं होतं. पुष्कळ कॅमेऱ्यांत सुरुवातीला ‘फक्त हालचाल’ असं असतं, ते बदलावं लागतं. कार्ड किती दिवस पुरतं याचा हिशोब सोपा आहे. आमचा कॅमेरा सेकंदाला साधारण एक मेगाबिट लिहितो. म्हणजे तासाला ४५० एमबी, दिवसाला जवळजवळ ११ जीबी. ६४ जीबीचं कार्ड पाच-साडेपाच दिवसांत भरतं. मग कॅमेरा सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. चित्र जास्त स्पष्ट ठेवलं आणि सेकंदाला दोन मेगाबिट झाले की दिवस निम्मे.

आता परत त्या संध्याकाळकडे येऊ.

ह्यांनी नागपूरहून बघितल्या त्या क्लाउडच्या क्लिपा. मी म्हटलं, कार्डावरचं बघा. त्यांनी प्रयत्न केला. पण कार्ड इथे हॉलमध्ये, हे तिकडे हॉटेलात, आणि मध्यस्थ सर्व्हर प्रत्येक तुकडा हातोहात पोचवणारा. चक्र फिरत राहिलं, दहा मिनिटांत एक मिनिटाचं चित्रही धड दिसलं नाही. ते कंटाळून म्हणाले, “काही नाहीये त्यात.” मी खालून वर आले, मोबाईलचा डेटा बंद केला, घरच्या वायफायवर अ‍ॅप उघडलं आणि कार्डावरची ११ वाजून ४२ मिनिटांची वेळ लावली. लोकल वाटेनं ते पाण्यासारखं चाललं.

ताई कपाट पुसून आत गेल्या. ४४ व्या मिनिटाला आई त्यांच्या खोलीतून काठी टेकत आल्या. कपाटावरचं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, आणि देवघराच्या खणात पोथीखाली ठेवलं. पैसे उघड्यावर ठेवू नयेत म्हणून. मग त्या आत जाऊन पडल्या आणि विसरून गेल्या. ४७ व्या मिनिटाला ताई भाजीची पिशवी घेऊन घरी गेल्या. ती पिशवी सकाळी येतानाही त्यांच्या हातात होती. तेही कार्डावर दिसलं.

मी खण उघडला. पाकीट तिथेच होतं.

क्लाउडच्या क्लिपा खोट्या नव्हत्या. त्यातलं प्रत्येक चित्र खरंच होतं. फक्त मधली पाच मिनिटं नव्हती, आणि ती आम्ही आमच्या मनानं भरली. मी सहा दिवस थांबले असते तर कार्डावरचंही पुसलं गेलं असतं आणि ताईंच्या नावावर तो डाग कायमचा राहिला असता. दुसऱ्या दिवशी मी आणि हे, नागपूरहून आल्या आल्या, ताईंच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्या आजही आमच्याकडे येतात. पण आल्या की आधी एकदा वर कॅमेऱ्याकडे बघतात. ते मला दिसतं.

म्हणजे कार्ड चांगलं आणि क्लाउड वाईट, असं आहे का? तसंही नाही. चोर आला आणि जाताना कॅमेराच उपटून घेऊन गेला, तर कार्डही त्याच्याबरोबर गेलं. तेव्हा क्लाउडवर चढलेली ती बारा सेकंदांची क्लिपच हातात राहते. आई पुन्हा घसरल्या तर मला ऑफिसात कळायला क्लाउडचीच वाट हवी, लोकल वाट तिथपर्यंत येत नाही. बाहेर काय चाललंय ते लगेच कळण्यासाठी क्लाउड, आणि नक्की काय झालं हे नीट तपासण्यासाठी कार्ड आणि लोकल वाट. आम्ही आता दोन्ही ठेवतो, आणि क्लिप बघून कुणाला काही बोलायचं नाही असा घरात नियम केला आहे.

तुमच्या कॅमेऱ्याच्या दोन्ही वाटा चालू आहेत की नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. पहिली तपासणी लोकलची. मोबाईलचा डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा. मग इंटरनेट तोडा, पण राऊटर चालू राहू द्या. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर त्यांना जोडणारी वायर काढा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर फायबरची ती बारीक वायर ओढू नका, ती नाजूक असते. एखाद्या दिवशी नेट गेलेलंच असतं, त्या दिवशी तपासा. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चित्र आलं तर लोकल वाट आहे. काही अ‍ॅप मात्र कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन झाल्याशिवाय उघडतच नाहीत. तुमचं तसं असेल, तर नेट गेलं की घरात बसूनही तुम्हाला काही दिसणार नाही. कॅमेरा कार्डावर लिहीत असेल, तेवढंच.

दुसरी तपासणी क्लाउडची. मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा आणि जिन्यात जाऊन बघा. घरातल्या कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर हात हलवायला सांगा. लोकल वाटेनं हात जवळजवळ लगेच हललेला दिसतो, क्लाउडवरून थोडा उशीर लागतो. त्याच वेळी कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंगही उघडून बघा. तिथे चक्र फिरत राहिलं, तर गावाला असताना त्यावर भरवसा ठेवायचा नाही हे आजच कळेल.

तिसरी तपासणी विजेची. घराची वीज जाते तेव्हा राऊटर आणि कॅमेरा दोन्ही बंद होतात, संस्थेचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी आहे. कॅमेऱ्याचं बटण बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. तो आपोआप जोडला गेला का आणि कोपऱ्यातली वेळ बरोबर आहे का, हे बघा. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत घड्याळाची स्वतःची बॅटरी नसते, चालू झाल्यावर ते वेळ इंटरनेटवरून घेतात. नेट नसताना वीज आली तर रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख पडते, काही वेळा थेट १९७० सालची. मग हवी ती वेळ शोधूनही सापडत नाही. राऊटरला छोटा यूपीएस जोडला तर हा त्रास बराच कमी होतो.

नवीन कॅमेरा घेणार असाल तर दुकानदाराला एक प्रश्न विचारा, यात आरटीएसपी आहे का? असेल तर कंपनीच्या अ‍ॅपशिवायही घरातल्या कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चित्र बघता येतं. तिथे असा पत्ता टाकायचा असतो:

```
rtsp://naav:password@192.168.1.50:554/stream1
```

मधला आकडा म्हणजे तुमच्या राऊटरनं कॅमेऱ्याला दिलेला पत्ता, आणि शेवटचा शब्द प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. उद्या कंपनीनं सर्व्हर बंद केला तरी असा कॅमेरा घरात चालत राहतो. फक्त त्यासाठी राऊटरमध्ये बाहेरून यायचं दार, म्हणजे पोर्ट, उघडून ठेवू नका, कुणी जाणकारानं सांगितलं तरी. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं असेच इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधून काढले. त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले होते तेच होते. त्यांच्याकडून २१ ऑक्टोबरला एवढा मारा करवला गेला की अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास उघडत नव्हत्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

क्लाउडच्या वाटेवर कुलूप एकच असतं, तुमच्या खात्याचा पासवर्ड. तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा, आणि ओटीपीची दुसरी पायरी चालू ठेवा. मुलाला, सुनेला, भावाला कॅमेरा दाखवायचा असेल तर पासवर्ड सांगू नका. अ‍ॅपमध्ये शेअर करायची सोय असते, ती वापरा. नंतर एकाचं नाव काढता येतं, सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. जुना कॅमेरा कुणाला दिलात तर आधी तो आपल्या खात्यातून काढा आणि कार्ड काढून घ्या.

शेवटचं, शेजारधर्माचं. दाराबाहेर कॅमेरा लावताना तो आपल्या उंबऱ्यावर आणि पायपुसण्यावर रोखा, समोरच्यांच्या दारावर नको. ते दार उघडलं की त्यांचा हॉल तुमच्या क्लाउडवर जातो. आणि घरात कॅमेरा असेल तर कामाला येणाऱ्यांना पहिल्या दिवशीच तो बोट दाखवून सांगा. आमच्या ताईंना मी तो सांगितला नव्हता. तेव्हा सांगायला हवा होता.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लबहाऊसमध्ये बसणार आहे. तुमचा मोबाईल आणि कॅमेऱ्याचं खोकं घेऊन या. तिन्ही तपासण्या आपण तुमच्याच घरी जाऊन करू.